वाढत्या अंगाचा कोट

गुंडूमामांवर माझा चाळीस वर्षांचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. मंगळवार पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. आमच्या शाळेचे गणवेश तेच शिवायचे. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, मला हाताला धरून तिथं न्यायचे आणि मामांनी टेप काढायच्या आधीच सांगायचे, "वाढत्या अंगाचा शिव रे." झालं! स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, बाह्या बोटांवर. पुढच्या वर्षी आतली दुमड उसवली की खाली न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा दिसायचा. आमच्या वर्गातली संयोगिता तो पट्टा वितीनं मोजून मी किती वाढले ते मोठ्यानं जाहीर करायची. ते तिचं वीत लावणं मला अजून आठवतं.

आता मी गणिताची शिक्षिका आहे आणि ढगळ काहीही अंगाला लावत नाही.

मागच्या दिवाळीनंतर अप्पा गेले. मागे राहिलो मी आणि त्यांचा कुत्रा, पैलवान. नाव पैलवान, पण जात कारवानी. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि अंगावर नावाला केस. अप्पा गेल्यापासून त्यानं जेवण टाकलं. अठ्ठावीस किलोचा कुत्रा डिसेंबरात एकवीसवर आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, आजार सापडला नाही. म्हणाले, "अंगावर चरबी उरली नाही, थंडीत जपा. आणि असंच चाललं तर..."

रोज पहाटे तो उठून फाटकाशी जाऊन बसायचा आणि कुडकुडायचा. आत ओढला तरी परत तिथंच. मी तयार कोट मागवला. छातीला बसला तो पोटाखाली झोळीसारखा लोंबला, पोटाला बसला तो छातीवरून जाईना. मग राग गिळून पैलवानाला रिक्षात घातलं आणि गुंडूमामांकडे गेले.

मामा सत्तरी ओलांडलेले. तयार गणवेशांनी त्यांचं गिऱ्हाईक कधीच नेलं होतं. गल्लीतल्या पिशव्या, उशांचे अभ्रे आणि चेन बदलणं, एवढंच काम उरलेलं. पैलवानाला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"अप्पांचा पैलवान न्हवं ह्यो? काय दशा झालीया रं तुझी!"

"कोट शिवायचाय. आणि मामा, मापात. वाढत्या अंगाचा अजिबात नको."

"बसलेल्याचं माप घिऊन चालंल?" त्यांनी टेप लावला, मग स्वतःच डोकं हलवलं. "न्हाय. बसला की पाठ वाकती. उभा कर की त्याला."

मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत, मग छातीचा घेर जिथं सर्वांत जास्त तिथं, मग कंबर. बरगड्यांवरून टेप फिरवताना मामांनी हात हलका केला. गणवेशाच्या ब्लेझरचं निळं लोकरी कापड त्यांच्याकडे पडून होतं, त्याला आतून फलालीन लावली. कंबरेला चुण्या घेतल्या, मान झाकेल अशी उंच कॉलर केली. पोटाखालचा पट्टा पुढच्या पायांच्या मागे ठेवला, म्हणजे मुतताना भिजायला नको. कोट असा बसला की मला खोट काढायला जागा मिळेना. राग आला तो त्याचाच.

पैलवान कोट घालून फाटकाशी बसू लागला. कुडकुडणं थांबलं, पण दोन-चार घासांपलीकडे ताट तसंच राहायचं. मी आपली त्याला दुपारी चारला, शाळेतून आले की फिरवायचे. पहाटे उठायचा मला जन्माचा कंटाळा.

एप्रिलात एक दिवस त्यानं रस्त्यात पाय उचलून धरला. पुढे चालेना. मला वाटलं, रुसला. ओढत नेला, आणि घरी येऊन बघते तर दोन पंजांच्या गाद्यांवर फोड! डॉक्टरांकडे त्या दिवशी मी मान खाली घालून उभी होते. ते म्हणाले, "डांबरावर हाताची मागची बाजू टेकवा. सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याला चालवू नका."

फोड भरल्यावर मी परत मामांकडे. "बूट शिवा."

मामांनी कॅनव्हासच्या चार पिशव्या शिवल्या, खाली पातळ रबर, वर घट्ट न आवळणारा पट्टा. पैलवान बूट घालून एकेक पाय झटकत असा चालला की शेजारचा चहावाला चहा सांडेपर्यंत हसला. मामा मात्र हसले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी रस्त्यावर तळवा टेकवला आणि झटक्यात उचलला.

"बाई, ह्या वक्ताला का काढतीस त्याला भायेर? बूट दवाखान्याला न्यायापुरतं ठीक. त्येचं पाय घामानं भिजत्यात, आत कोंडून किती ठिवशील? अप्पा कवा फिरवायचं त्याला?"

"पहाटे."

"साडेपाचला. मी शटर उघडताना रोज हितनं जायाचं दोघं. थांबायचं. म्हणायचं, गुंडू, चल चहा घिऊ. आता गेलं पाच म्हयनं पहाटंचा ह्यो कुठं दिसला न्हाय मला."

मी तिथल्या स्टुलावर बसले. साडेपाच. फाटकाशी तो थंडी खायला बसत नव्हता. फिरायला न्यायची वाट बघत बसत होता. आणि मी, शहाणी बाई, त्याला कोट घालून तिथंच बसवत होते. त्या वेळी बाहेर नेत नव्हते. आयुष्यभर पोरांना उदाहरण नीट वाचा म्हणून ओरडले, आणि समोरचं मला वाचता आलं नाही. मी मामांच्या दुकानात रडले, तेही मोठ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला निघालो. वाट मला माहीत नव्हती, पैलवानाला होती. मामांच्या दुकानापाशी तो आपणहून थांबला. मामांनी चहा सांगितला आणि पैलवानापुढं बिस्कीट टाकलं. त्यानं ते हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि खाल्लं. घरी येऊन अर्धी भाकरी खाल्ली. आठवड्यानं पूर्ण.

जूनमध्ये पावसाच्या झुलीचं माप द्यायला गेलो. मामा म्हणाले होते, येताना कोटही आण. छातीला टेप लावला, आकडा बघितला, परत लावला.

"दीड इंच!" ते ओरडले. "घाल बघू कोट."

कोट छातीला आवळत होता. मामांनी तो मशीनवर उलटा केला आणि दोन्ही बगलांच्या शिलाया ब्लेडनं उसवल्या. आत दुमडलेलं कापड निघालं, दोन्हीकडं इंचभर.

"मामा! मापात सांगितलं होतं ना?"

"मापातच हुता की. पर हाडं बघून कोट कोण शिवतंय? मला ठावं हुतं, भरंल त्यो." मग ब्लेड खाली ठेवून म्हणाले, "भरंल असं वाटत हुतं, बाई. ठावं कुठलं."

वापरून, धुऊन विटलेल्या निळ्या कापडात दोन गडद पट्टे उमटले. मी त्यावर वीत ठेवली. वीत फार मोठी होती, मग बोट ठेवलं.

मामा झुलीचं कापड पसरू लागले. पाठीवर जोड नको, सुईच्या भोकातून पाणी झिरपतं, म्हणून पाठ अखंड ठेवायची. पट्टा अडकवायला मानेपाशी फट. टोपी नको, कान झाकले की त्याला ऐकू येणार नाही. सगळं ठरलं. खडू हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मापात?"

पैलवान माझ्या पायाशी उभा होता. सात वर्षांचा कुत्रा, आता उंचीनं काय वाढणार? पण तोंडातून जे निघालं ते अप्पांच्या आवाजात निघालं.

"वाढत्या अंगाचा शिवा, मामा."

मामांनी मान हलवली आणि खडूची रेघ इंचभर बाहेर ओढली.