दोन हंड्या आणि एक पेटी

भागवतला मी चिडलेलं पुष्कळदा पाहिलंय, पण किळस आलेली पाहिली ती एकाच माणसाची.

तो मूळचा हसनाबादचा. सुतारकी घरातच होती. जालन्यात आला तो शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं काचसामान पुरवणाऱ्या एका दुकानात. तिथं एकोणीस वर्षं त्यानं एकच काम केलं : काच बांधणं. नळ्या, चंचुपात्रं, लांब मानेच्या बाटल्या, सगळं बांधून किनवटपासून कोल्हापूरपर्यंत पाठवायचं. दुकान बंद पडलं तेव्हा त्याच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. मग नव्या जालन्यात आमच्या गल्लीतच एक गाळा घेऊन त्यानं आणि त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, जुन्या नाजूक वस्तू बांधून देण्याचं काम सुरू केलं. चिनी मातीच्या बरण्या, आरसे, लंबकाची घड्याळं, झुंबरं. लोकांची पोरं पुण्या-मुंबईला गेलेली, घरं विकायला निघालेली, आणि त्या घरांतल्या वस्तूंना मुंबईत गिऱ्हाईक. काम कमी पडलं नाही.

त्याची पद्धत ठरलेली. वस्तू आली की आधी पांढऱ्या चादरीवर ठेवून बारा बाजूंनी फोटो, बॅटरीच्या उजेडात. कुठं ओरखडा, कुठं टवका, सगळं कागदावर. मालकाची सही. मग उषाबाई मऊ, आम्ल नसलेल्या कागदात ती गुंडाळणार. आतल्या पोकळीत कागदाचे सैल बोळे, ठासून नाही, कारण ठासलेला कागद आतून काच फोडतो. पितळी कडी, साखळ्या वेगळ्या काढून वेगळ्या बांधायच्या. प्रत्येक नगाला स्वतःचा खोका, खोक्यात सहाही बाजूंनी फोम. हे खोके प्लायवूडच्या पेटीत, मध्ये पुन्हा तीन बोटं फोम. आणि पेटीला खिळा नाही, स्क्रू.

"खिळा ठोकला की हादरा आधी आपणच दिला ना," तो म्हणायचा. "मंग ट्रकवाल्याला काय बोलायचं?"

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याला मुकुंदचा फोन आला. मुकुंद पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. राजूरला त्यांचं घर होतं, आई गेल्यावर तो आणि त्याची बहीण नीला अशी दोघं वारस. घरात दिवाणखान्यात टांगायच्या दोन काचेच्या हंड्या होत्या, निजामाच्या अखेरच्या वर्षांतल्या, गडद लाल काचेवर कोरलेली द्राक्षवेल. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोटो पाहून जोडीचे साडेचार लाख सांगितले होते. पण वस्तू समोर तपासल्याशिवाय पैसे देणार नव्हता. मुकुंदनं मापं पाठवली, आगाऊ रक्कम पाठवली, आणि भागवतनं पेटी तयार करून ठेवली. पेटीवर नेहमीप्रमाणे स्टेन्सिलनं स्वतःचं नाव आणि फोन नंबर.

विम्याचंही भागवतनंच समजावलं होतं. "ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीमागं बारीक अक्षरात लिहेल असतं, काच अन् जुन्या वस्तू मालकाच्या जोखमीवर. त्याच्या भरवशावर राहू नका. वाटेतला वेगळा विमा काढा, सगळ्या जोखमींचा, अन् किंमत आधीच ठरवून लिहून घ्या. न्हाईतर फुटल्यावर कंपनी म्हणती, जुन्या काचेची किंमत काय. अन् दोन गोष्टी ध्यानात ठिवा. बांधणी कच्ची निघाली तर पैसा मिळत न्हाई. आधीच तडा असंल तरीबी न्हाई."

मुकुंद हो हो म्हणाला. व्यापाऱ्याचं किमतीचं पत्र जोडून त्यानं विमा काढला.

ठरल्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या गाडीतून हंड्या घेऊन आला. गोधडीत गुंडाळलेल्या. उषाबाईनं त्या चादरीवर ठेवल्या तेव्हा मीही तिथंच होतो. गाळ्याच्या दारातून ऊन आत येत होतं आणि पांढऱ्या चादरीवर डाळिंबाच्या रसासारखा लाल उजेड सांडला. उषाबाईनं पहिली हंडी फिरवून फिरवून पाहिली. मग तिनं दुसऱ्या हंडीवर बॅटरी धरली.

"अहो, हिकडं या."

काठापासून खाली, वेलीच्या पानामागून, केसासारखी रेघ गेली होती. चार बोटं तरी.

"साहेब, हिला तडा हाय," भागवत म्हणाला.

"माहितीये," मुकुंद मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "तो लिहू नका."

व्यापाऱ्याला पाठवलेले फोटो मापांसोबत भागवतकडंही आले होते; त्यांत ती बाजू भिंतीकडं होती, हे तेव्हा कळलं.

"लिहावं लागतं. व्यापारी तिथं पेटी उघडल्यावर बघणारच ना?"

"उघडेपर्यंत ती राहिली तर बघेल." मुकुंद हसला. "भागवतभाऊ, तुम्ही फार मनावर घेता. एवढा फोम-बिम कशाला? साधं बांधा. वर्तमानपत्र भरा. काचच आहे, फुटली तर फुटली. विमा आहेच की."

भागवतला समजायला वेळ लागला. उषाबाईला नाही लागला. तिनं हातातला कागद खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरली, वाटेत काही घाण पडलेली दिसावी तशी.

"म्हणजे फुटावी म्हणून बांधायची?" भागवतनं विचारलं.

"मी असं कुठं म्हटलं?"

"अन् ही दुसरी? ही तर बिलकुल चांगली हाय."

"जोडीची किंमत आहे. एकटीला कोण विचारतं?"

मला आजही त्याचा तो आवाज आठवतो. त्यात लाज नव्हती, रागही नव्हता. भाजीवाल्याकडं कोथिंबीर मागावी तसा होता.

"न्हाई जमणार," भागवत म्हणाला. "घेऊन जा."

मुकुंदनं दहा हजार जास्त देऊ केले, मग वीस. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पेटीचे पैसे मी दिलेत. ती द्या."

भागवतनं पेटी दिली. गाडीत ठेवायला हातही लावला. ही चूक त्याला पुढं फार सलत राहिली. पण त्या वेळी त्याला फक्त तो माणूस दारातून जायला हवा होता. गाडी गेल्यावर त्यानं नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

तीन आठवड्यांनी धम्मपाल नावाचे गृहस्थ आले, मुकुंदच्या दाव्याची तपासणी करायला विमा कंपनीनं नेमलेले सर्व्हेअर. पन्नाशीचे, शांत, पाठीला बॅग. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. भागवतचीच पेटी, भागवतचंच नाव, आणि आत लाल चुरा. दोन्ही हंड्या एकाच खोक्यात एकमेकींना चिकटून घातलेल्या. मध्ये वर्तमानपत्र आणि थर्माकोलचे तुकडे. पितळी कडी, साखळ्या तशाच आत टाकलेल्या. मुंबईपर्यंत त्या साखळ्यांनीच काच कुटली असणार. झाकणाला खिळे.

"ही बांधणी तुमची?" धम्मपालनी विचारलं.

भागवतनं स्क्रीनवर बोट ठेवलं, खिळ्यांवर, आणि तसंच ठेवलं.

"माझ्याकडं तुमचं प्रमाणपत्र आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी कागद काढला. भागवतच्या नावाचा कागद, खाली भागवतची सही. दोन्ही नग वेगवेगळ्या खोक्यांत, फोमसह, नीट बांधल्याचं लिहिलेलं. सही भागवतनं मुकुंदला दिलेल्या दरपत्रकावरून उचललेली होती, वळणासकट.

"थू!" उषाबाई म्हणाली. सर्व्हेअरसमोर तिनं असं बोलावं याचं मला नवल वाटलं नाही.

भागवतनं फोन काढला. त्या सकाळचे फोटो त्याच्याकडं होते, तारीख-वेळेसकट. चांगली हंडी, तड्याची हंडी, तड्यावर बॅटरीचा उजेड आणि शेजारी मोजपट्टी. कागद अर्धाच भरलेला, मालकाची सही नाही. धम्मपालनी एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"हे लेखी द्याल?"

"देतो."

"पार्टी वकील लावू शकते. तुमचंच नाव ओढतील."

"माझं नाव त्यानं पेटीवरून नेलंच हाय, साहेब. आता अजून काय वढणार?"

दुसऱ्याच दिवशी मुकुंदचा फोन आला. भागवतनं स्पीकरवर टाकला. आधी आवाज गोड. तुमचं काय जातं, कंपनीचे पैसे आहेत, कुणा गरिबाचे नाहीत. मग अर्धा वाटा. मग धमकी. मग पुन्हा गोड. भागवत शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"तुम्ही तड्याची एकटी फोडली असती ना, तरी मी समजलो असतो," तो म्हणाला. "ती चांगली कशापायी फोडली?"

मुकुंद म्हणाला, "तुम्हाला हंडीचं पडलंय?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

दावा फेटाळला गेला. आधीची हानी लपवली, बांधणी अपुरी, कागद खोटा. कंपनीनं पोलिसांत तक्रार दिली. त्याचं पुढं काय झालं ते भागवतला कुणी कळवलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

मे महिन्यात नीला आली, मुकुंदची बहीण. जालन्यातच एका सरकारी कार्यालयात नोकरीला. तिच्या हातात काचेच्या तुकड्यांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर राग.

"एवढी वर्षं हेच काम करता ना? आमच्या आईच्या हंड्या होत्या त्या. सांधता येतील का, तेवढं तरी सांगा."

मुकुंदनं तिला सांगितलं होतं की पॅकिंगवाल्यानं घोळ केला.

भागवतनं वाद घातला नाही. उषाबाईनं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि फोन तिच्या हातात ठेवला. नीला फोटो पाहत गेली. मग धम्मपालना दिलेल्या जबाबाची प्रत वाचली. वाचून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, जणू तिथं काही चिकटलं होतं.

"मला म्हणाला, अर्धे पैसे तुझेच आहेत," ती हळूच म्हणाली. "मी हो म्हटलं होतं विकायला. मला वाटलं, कुणाच्या तरी घरात लागतील."

"सांधता येत न्हाई, ताई," भागवत म्हणाला. "पार बुकना झालाय."

तिनं तुकडे परत नेले नाहीत. उषाबाईनं ते जाड गोणपाटात बांधून ठेवले, कचऱ्यातून कुणाचा हात कापू नये म्हणून.

या प्रकरणानं भागवतचं काम वाढलं नाही, उलट चार महिने घटलं. खरं काय ते कुणी विचारत नाही. 'त्याच्या पेटीत माल फुटला' एवढंच फिरतं. मुंबईच्या त्या व्यापाऱ्यानं मात्र पुढं दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडं धाडली. रिकामी पेटी आता तो कुणालाच देत नाही. त्यावरून उषाबाईशी त्याचं दोनदा भांडणही झालं, कारण पेट्यांना मागणी चांगली आहे.

आणि गेल्या दिवाळीनंतर मुकुंदचा फोन आला. काहीच घडलं नसल्यासारखा. सासऱ्यांचं एक भिंतीवरचं घड्याळ आहे, नाशिकला पाठवायचंय, तुमच्यासारखी बांधणी दुसरा कुणी करत नाही.

भागवत दारात उभा होता. त्यानं फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेला मी काय नाव देऊ? उष्ट्या पत्रावळीवर पाय पडल्यावर माणूस असा पाहतो.

"माझ्याच्यानं तुमचं काम होणार न्हाई," तो म्हणाला.

"अहो, पण का?" पलीकडून अगदी निरागस आवाज आला.

भागवतनं फोन बंद केला, बाहेर जाऊन चूळ भरली, आणि भोकरदनहून आलेल्या एका बरणीच्या झाकणाला कागद लावायला बसला.