साहेबांना मी ऐच्छिक केलं त्याची गोष्ट

माझ्याकडे एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आणि तिच्या कडेला मी रंगीत कागदाच्या जिभा चिकटवल्या होत्या. पिवळी मीटिंगची, हिरवी वेळापत्रकाची, गुलाबी ईमेलची. त्या वेळी मी चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई होते आणि स्वतःला फार पद्धतशीर समजत होते. पद्धतशीर माणूस किती मूर्ख असू शकतो हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने ती वही बघावी.

त्याआधी वीस वर्षं मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. खुलं धोरण आलं, बाहेरचे पंप आले आणि कारखाना मिटला. आमचे हे त्याच कारखान्यात, त्यामुळे एकाच महिन्यात दोघंही घरी. धायरीतल्या दोन खोल्यांत आम्ही समोरासमोर बसून वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाचायचो. मग मला कर्वे रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं. म्हणजे मीटिंगा ठरवायच्या, त्यांचे वृत्तांत लिहायचे, मेल पाठवायचे. सहा महिने चाचणीवर, जमलं तर कायम. यांना अजून काहीच मिळालं नव्हतं, तेव्हा मला कायम होणं भागच होतं.

इंग्रजी मला येत होतं, पण ते ‘विनंती विशेष’ छापाचं. इथली पोरं वेगळंच बोलायची. म्हणून वही. पिवळ्या भागात प्रसंगावार पानं: सुरुवात करताना, मध्येच बोलताना, ऐकू आलं नाही तर, विषय भरकटला तर, समारोप करताना. प्रत्येक वाक्यापुढे माझा अर्थ. ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन’ म्हणजे भांडण बाहेर जाऊन करा. हिरव्या भागात ‘टेंटेटिव्ह’ म्हणजे होणार नाही, आणि ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, दिवस कुणाचा ते विचारू नये. गुलाबी भागात ‘जेंटल रिमाइंडर’ म्हणजे दुसऱ्यांदा विचारतोय, लाज वाटू द्या.

घरी मी हे पाठ करायचे. हे पलंगावर पडल्या पडल्या ऐकायचे आणि म्हणायचे, “अगं, एवढी स्तोत्रं पाठ केली असतीस तर देव तरी पावला असता.”

“देव कायम करत नाही अहो,” मी म्हणायचे.

चाचणीचा पाचवा महिना. अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबर सकाळी साडेसातला फोनवर मीटिंग ठरवायची होती. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. कॉम्प्युटरवर निमंत्रण पाठवताना दोन रकाने असतात: ज्यांनी आलंच पाहिजे ते एका रकान्यात, आणि जे आले तर उत्तम ते दुसऱ्यात. पहिल्यावर लिहिलेलं ‘रिक्वायर्ड’, दुसऱ्यावर ‘ऑप्शनल’. चार पोरांची नावं मी बेधडक पहिल्यात टाकली. साहेबांचं नाव टाकताना मात्र हात थांबला. टायपिस्ट बाईने साहेबांना लिहायचं की तुम्ही आलंच पाहिजे? जुन्या ऑफिसात साहेबांना मीटिंगचा कागद द्यायचा तोही ‘आपल्या सोयीने’ असं म्हणून. मी आदराने साहेबांना ऐच्छिक केलं, आणि किती सुसंस्कृत आहे मी, अशा थाटात ‘सेंड’चं बटण दाबलं.

साहेब शिस्तीचे. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. ते सकाळी टेकडीवर फिरायला गेले.

काचेच्या खोलीत मी, चार पोरं आणि टेबलावर तीन पायांचा तो स्पीकरफोन. फोन लागला. मी पिवळी जीभ धरून सुरुवातीचं पान वाचलं. छान झालं. मग तिकडच्या गृहस्थांनी विचारलं, साहेब आहेत का? मी म्हटलं, नाहीत. त्यावर ते थेट मुद्द्यावर आले. महिनाअखेरीला द्यायचं काम पुढच्या शुक्रवारी मिळेल का?

मी पोरांकडे पाहिलं. पोरं टेबलाकडे.

“तुम्ही बोला ना,” मी कुजबुजले.

“साहेब नसताना आम्ही कसं बोलणार, मॅडम?” त्यातला थोरला पुटपुटला. “आणि हळू बोला, तिकडे ऐकू जातंय.”

आवाज बंद करायचं बटण फोनवर होतं. ते दाबलं आणि फोनच कापला गेला तर, या भीतीने मी त्याला हात लावला नाही. तिकडून पुन्हा प्रश्न आला. मी ‘ऐकू आलं नाही तर’ हे पान काढून वाचलं. त्यांनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. त्यांनी आणखी सावकाश विचारला, लहान मुलाला विचारावा तसा. विषय भरकटल्याचं पान होतं, पण विषय काही भरकटत नव्हता, तो माझ्या मानेवरच बसला होता. दार चार हातांवर, काचेतून पलीकडचा जिना दिसत होता.

बरं, हवं ते वाक्य वहीत होतं. ‘वुई विल गेट बॅक टू यू’, विचारून कळवतो. मला ते आठवलंही. पण ते गुलाबी भागात होतं, मेलच्या उत्तरांत, आणि मेलचं वाक्य मीटिंगमध्ये कसं वापरायचं? लग्नाच्या आहेरात बारशाचं झबलं देतं का कुणी? अशी ती बाई. आज मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

मला फक्त तिथून सुटायचं होतं. मी सरळ शेवटचं पिवळं पान उघडलं, समारोपाचं, आणि एका दमात वाचलं: “सो, वुई आर ऑल अग्रीड. थँक यू फॉर युअर टाइम.”

म्हणजे सगळ्यांचं एकमत झालेलं आहे, आभार.

“वंडरफुल,” तिकडून आवाज आला, आणि फोन बंद.

थोरला पोरगा माझ्याकडे बघत राहिला. “मॅडम, तीन आठवड्यांचं काम आहे ते.”

साहेब दहाला आले तोवर मेल येऊन पडला होता: आज सकाळी ठरल्याप्रमाणे, पुढचा शुक्रवार. प्रत थेट कंपनीच्या मालकांना. साहेबांनी तो शांतपणे वाचला.

“बाई, मी का नव्हतो?”

“आपण ऐच्छिक होता,” मी खरं ते सांगितलं.

“असं. आणि तुम्ही कोणाच्या वतीने मान्य केलंत?”

“कोणाच्याच नाही. समारोप केला.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. मला शेजारी बसवून त्यांनी ग्राहकाला मेल लिहायला लावला: सकाळी चुकीचा शब्द दिला गेला, अर्धं काम शुक्रवारी, उरलेलं महिनाअखेरीला. ग्राहकाने मान्य केलं, नाखुशीने. ते अर्धं पुरं करायला पोरं शनिवार-रविवार बसली. मीही बसले, डबे घेऊन. कुणी मला बोललं नाही, फक्त भाजी वाढताना थोरला म्हणाला, “मॅडम, अजून एक पोळी. वुई आर ऑल अग्रीड.”

सहावा महिना संपला आणि पत्र आलं. चाचणी आणखी तीन महिने वाढवली होती. खाली साहेबांच्या हातची ओळ: या काळात सकाळच्या सगळ्या मीटिंगा बाईंनी चालवायच्या.

मग मी रोज साडेसातला त्या काचेत. धायरीहून पावणेसातची बस. पहिल्या आठवड्यात मी वहीच्या जिभा उपटल्या. पहिल्यांदा एका ग्राहकाला ‘नो’ म्हटलं तेव्हा आवाज चिरकला, दुसऱ्यांदा चिरकला नाही. साहेब रिक्वायर्डच्या रकान्यात, रोज, सगळ्यात वर. टेकडी सुटल्याबद्दल त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

तीन महिन्यांनी मी कायम झाले. पत्र यांच्या हातात दिलं. यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि देवापाशी ठेवलं.

“चला,” हे म्हणाले, “सुटलीस एकदाची.”

“कुठली सुटते,” मी म्हटलं. “आता सकाळच्या मीटिंगा कायमच्या माझ्याच. गजर साडेपाचचा लावा.”

निवृत्त होईपर्यंत, सतरा वर्षं, तो गजर यांनीच लावला.