पालकांना लिहिलेलं पत्र

इंटरनेटवरून गणित शिकवायला लागलो तेव्हा कुडाळात लोक मला अर्धवट समजत. मी घरी कानाला हेडफोन लावून बसे आणि मालवणच्या एका सायबर कॅफेत दहावीची सहा मुलं एका संगणकाभोवती दाटीवाटीनं बसत.

पूर्वपरीक्षेनंतर मी प्रत्येकाच्या पालकांना स्वतंत्र ईमेल केला. गोड बोलून फी उकळणाऱ्या क्लासवाल्यांची मला चीड होती, त्यामुळे खरं तेच लिहायचं ठरवलं. एका मुलीबद्दल लिहिलं, 'गणितात ती पास होण्याची शक्यता फार कमी आहे. मनाची तयारी ठेवा.' खाली, भूमितीची प्रमेयं आणि रचना रोज करून घेतल्या तर काठावर निघेल, नाहीतर ऑक्टोबरला पुन्हा बसता येईल, हेही लिहिलं. बाकी विषयांत ती चांगली होती.

दुसऱ्याच दिवशी तिच्या वडिलांचं उत्तर आलं, 'ओके सर. आम्ही तिला समजावू.' इतके समजूतदार पालक पाहून मी खूश झालो. मग ती तासाला येईनाशी झाली. विचारलं तर पुन्हा वडिलांचंच उत्तर, ताप आहे. मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये निकाल लागला. तिचा बैठक क्रमांक टाकून पाहिलं तर बाकी सगळ्या विषयांत बरे गुण, आणि गणिताच्या दोन्ही पेपरांना गैरहजर. एसटी पकडून तिच्या घरी गेलो. आई नुकतीच बाजारातून मासे विकून आली होती. मी ईमेलचा विषय काढला तर ती माझ्याकडे बघतच राहिली. वडील बोटीवर असत, तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. माझ्या क्लासच्या प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांचा ईमेल लागतो म्हणून पोरीनं कॅफेत बसून वडिलांच्या नावानं खातं उघडलं होतं. इतरांनीही तेच केलं होतं. आमच्या भागात कुणाच्या आईबापांकडे ईमेल असणार, हे मला सुचू नये? पालकांसाठीचं ते पत्र सोळा वर्षांच्या मुलीनं एकटीनं वाचलं होतं आणि उत्तरंही तिनंच दिली होती. मला माझीच किळस आली.

पेपराला जाते सांगून ती दोन्ही दिवस बंदरावर बसून राहिली होती.

"नापास झाली असती तरी आमका चालला असता," आई म्हणाली. "आमच्या घरात धावी पास कोण आसा?"

मी ऑक्टोबरचा फॉर्म भरायचं म्हटलं. फुकट शिकवतो, रोज इथे येऊन शिकवतो, असंही म्हणालो. मुलगी दाराशी उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना.

"तुमीच लिवलास ना सर," ती म्हणाली. "मगे कशाक बसू?"

ती ऑक्टोबरला बसली नाही, पुढच्या मार्चलाही नाही.