पाचवा नंबर जावईबापूंचा

काचेच्या कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये मुकादम सगळ्यांना 'अरे' म्हणायचा आणि एकाला 'अहो'. भट्टीवरच्या कप्तानाला तो भर मैदानात "अरे गाढवा, पास दे!" असं ओरडायचा, आणि त्याच दमात डाव्या बाजूला वळून, "तुम्हीही जरा मागे येताय ना?" अशी चौकशी करायचा. ही चौकशी ज्यांची व्हायची ते त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. टीममध्ये त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. ते जावईबापू. आधी ही थट्टा होती. मग समोरच्या टीमचे लोकसुद्धा "जावईबापूंना धरा रे" म्हणू लागले, तेव्हा ते नावच झालं.

मुकादम पॅकिंग खात्यातला, आणि टीमचा कोचही तोच. आयुष्यभर ग्लास खोक्यात भरून घेतलेले, त्यामुळे कुठली गोष्ट कुठे ठेवली म्हणजे तडा जाणार नाही हे त्याला कळायचं, किंवा कळतं असा त्याचा समज होता. पेनल्टीच्या बाबतीत तर त्याचं स्वतंत्र शास्त्रच होतं. संध्याकाळच्या सरावात तो पोरांना आधी जीव जाईस्तोवर पळवायचा आणि मग पेनल्टी मारायला लावायचा. मारणारा चेंडू ठेवत असताना बाकीच्यांनी त्याच्या सासूपासून चपलेपर्यंत सगळ्याचा उद्धार करायचा, असा नियम होता.

"ताज्या पायाने कुणीही मारतो," तो म्हणायचा. "पायात असणं वेगळं आणि पोटात असणं वेगळं. मला पोट बघायचंय."

पोटाच्या या परीक्षेत जावईबापू कायम पहिले. त्यांच्या सासूला कुणी काही म्हणूच शकत नव्हतं, कारण ती मुकादमाची आई होती. पण तेवढ्यावर ते पास झाले नव्हते. चेंडू ठेवायचा, चार पावलं मागे जायचं, कीपर कुठे कलतोय ते बघायचं, आणि चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात असा घालायचा की जाळीलासुद्धा लागल्याचं कळू नये.

क्रम कसा लावायचा हेही मुकादमाने चहाच्या टपरीवर साऱ्या कारखान्याला ऐकवलं होतं. पहिला पक्का हवा, कारण त्याच्यावर उरलेल्या चौघांचा श्वास ठरतो. चौथा सगळ्यांत भरवशाचा हवा, कारण खरी गळफासाची वेळ चौथ्यावर येते. आणि पाचवा? "पाचवा पाहुणा आहे. आला तर आला. लोक आपला हिरा पाचव्यासाठी राखून ठेवतात आणि हिरा पेटीतच राहतो. मूर्ख लेकाचे!"

हे मूर्ख लेकाचे म्हणजे इतर टीमवाले, असं तेव्हा सगळे समजत होते.

जावईबापू कारखान्यात टेंपररी होते. कटिंग खात्यात, दर वेळी करार संपायचा, दर वेळी वाढायचा. या वेळी वाढणार नाही अशी कुजबुज होती. मुकादमाची बहीण पहिलटकरीण होती, ती भाऊ घरी आला की पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणायची, "दादा, बघ ना रे काहीतरी." आणि मुकादम "बघतो" म्हणून जेवायला बसायचा. त्या घरातली पोळी त्याला अलीकडे घशाखाली उतरत नव्हती.

फायनलच्या सकाळी कँटीनमध्ये मॅनेजरसाहेबांनी टीमला नाश्ता दिला. साहेब खुशीत होते. बशीतला चहा संपवून ते उठले आणि म्हणाले, "आज कप हवा! आणि ऐका, जो शेवटचा गोल मारून कप आणील ना, तो टेंपररी असेल तर त्याची परमनंटची ऑर्डर मी स्वतः टाइप करीन!"

सगळे हसले. साहेबांना टाइप करता येत नव्हतं, हे एक कारण. मुकादम तेवढा हसला नाही. त्याने जावईबापूंकडे बघितलं. ते केळं सोलत होते.

मॅच ट्रान्सपोर्टवाल्यांशी होती. वेळ संपला, जादा वेळही संपला, गोल शून्य. जादा वेळात मुकादमाने आपला चांगला मारणारा विंगर पायात गोळे आले म्हणून बाहेर काढला होता. बाहेर गेलेल्याला पेनल्टी मारता येत नाही. शिट्टी वाजताना जे मैदानात असतील त्यांच्यातूनच पाच. रेफ्रीने नाणं उडवून गोलपोस्ट ठरवला, मग कोण आधी मारणार यासाठी पुन्हा उडवलं. कप्तान हरला. ट्रान्सपोर्टवाल्यांनी आधी मारायचं पसंत केलं.

"आपण मागून," कप्तान परत येत म्हणाला. "म्हणजे प्रत्येक वेळी त्यांचा गोल डोक्यावर घेऊन चालायचं. जावईबापू पहिले ना?"

मुकादमाच्या शास्त्राप्रमाणे उत्तर एकच होतं. मागून मारायचं असेल तर पहिला आणखीच पक्का हवा. जावईबापू पहिले, चौथा कप्तान. त्याच्या तोंडात तेच आलं होतं. पण मधे कुठेतरी बहिणीची पोळी आडवी आली.

"पहिला तू," तो कप्तानाला म्हणाला. "दुसरा इलेक्ट्रिशियन. तिसरा गेटवाला. चौथा..." त्याने घोळक्यावरून नजर फिरवली. बरेच जण बुटाच्या नाड्या बांधण्यात गुंतले होते. एक जण मात्र ताठ उभा होता: फोर्कलिफ्ट चालवणारा नाजूक. दारात मावणार नाही असा हा गडी. खोक्यांवर 'नाजूक' असं छापलेलं असतं त्यावरून कुणीतरी त्याला हे नाव ठेवलं होतं, कारण प्रत्येक मॅचच्या आधी त्याला उलटी व्हायची. लाथ तोफेसारखी, पोट चिमणीचं.

"चौथा नाजूक."

"मी?" नाजूकने मागे वळून बघितलं, मागे कुणी आहे का ते.

"आणि पाचवे तुम्ही," मुकादम मेहुण्याला म्हणाला.

जावईबापूंनी हळूच त्याच्या दंडाला धरलं. "दादा, मी पहिला जातो ना. तुम्हीच सांगता की..."

"काय सांगतो ते मला माहीत आहे. आज माझं ऐका."

"ऐकतो," जावईबापू म्हणाले. ते नेहमी ऐकायचे. बायकोच्या भावाचं नाही तर कुणाचं ऐकायचं?

टीम मैदानाच्या मधल्या वर्तुळात जाऊन उभी राहिली. मुकादम रेषेबाहेर आला. आता त्याला आत जाता येणार नव्हतं.

ट्रान्सपोर्टवाल्यांचा पहिला: गोल. कप्तान: गोल. त्यांचा दुसरा आपल्या गोलकीपरने, म्हणजे शटरने, पायाने अडवला आणि अख्खा कारखाना नाचू लागला. इलेक्ट्रिशियन: गोल. आपण एकाने पुढे. मुकादमाच्या छातीत काहीतरी गोड हललं. आता सगळे असेच लागले आणि शेवटचा जावईबापूंनी घातला, की साहेब खुर्चीवरून उठतील, की मग...

त्यांचा तिसरा: गोल. गेटवाल्याने चेंडू कीपरच्या हातात अलगद नेऊन दिला, जणू गेटवर पास तपासायला. दोन-दोन. त्यांचा चौथा: गोल. तीन-दोन.

आता चौथ्याची पाळी. नाजूक जागचा हलला, आणि कप्तानाने त्याचा हात धरला. त्याने वळून रेषेकडे बघितलं, बोट जावईबापूंकडे केलं आणि लांबूनच हाताने विचारलं: यांना पाठवू? क्रम रेफ्रीकडे लिहून दिलेला नसतो. ऐन वेळी बदलता येतो. हे मुकादमालाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं. जावईबापू एक पाऊल पुढेही आले होते.

मुकादमाने मान हलवली. नाही. आहे तसंच.

नाजूक चालत निघाला. मधल्या वर्तुळापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर एरवी त्याने फोर्कलिफ्टवर शीळ घालत कापलं असतं. त्याने चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग मारला. चेंडू बारच्या एवढ्या वरून गेला की मागच्या रस्त्यावरची सायकल थांबली.

अजून सगळं संपलं नव्हतं. त्यांचा पाचवा चुकला असता तर जावईबापूंना बरोबरी करता आली असती. ते खाली वाकून मोजे ओढत होते, निघायच्या तयारीत. त्यांचा पाचवा आला, धावला आणि शटरच्या उजवीकडून घातला. चार-दोन. आता मारून काही उपयोग नव्हता, म्हणून कुणी मारायला सांगितलंही नाही. जावईबापूंनी मोजे नीट केले आणि उभे राहिले.

त्या रात्री जेवताना बहिणीने कौतुकाने विचारलं, "यांनी कशी मारली रे?"

"माझी पाळीच आली नाही," जावईबापू म्हणाले, आणि मुकादमाच्या पानात पोळी वाढायला सांगितलं. क्रम का बदलला ते त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मुकादमाला सांगता तरी आलं असतं.

सोमवारी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. गोल झाला नाही हे खरं, पण करार तेवढा वाढवा, एवढंच मागायला. फायनलच्या सकाळचं कँटीनमधलं ते बोलणं त्याने आठवण म्हणून काढलं.

"मी?" साहेबांनी चष्मा काढला. "असं म्हणालो? अहो मुकादम, नाश्त्याला माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

"हो साहेब."

"आणि हा कटिंगमधला... तो कुठला? पेनल्टी मारली त्याने?"

"नाही साहेब. पाचवा होता. पाळी आली नाही."

"मग मी बघितलाच नाही ना त्याला! तुमचा तो कप्तान मात्र छान. पहिलीच केवढ्या थंड डोक्याने मारली! कोण आहे तो, परमनंट आहे ना?"

"आहे साहेब," मुकादम म्हणाला. "वीस वर्षं."

महिन्याच्या शेवटी जावईबापूंचा करार वाढला नाही. जाताना त्यांनी पॅकिंगमध्ये येऊन मुकादमाच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. मुकादमाने जावयाला कसं वाकू द्यायचं म्हणून त्यांना वरच्या वर धरलं, आणि दोघं थोडा वेळ तसेच, एकमेकांना धरून, अवघडून उभे राहिले.

ते गेल्यावर फोर्कलिफ्ट आली. खोकी उतरवून झाली तरी नाजूक खाली उतरला नाही, गेला पण नाही.

"मुकादम."

"काय रे?"

"जावईबापूंची नोकरी माझ्यामुळे गेली. मी घातला असता तर त्यांना मारायला मिळालं असतं. सगळे बोलतायत."

"कोण बोलतंय? मूर्खपणा आहे." मुकादमाने हातातली खोक्यांची चिकटपट्टी खाली ठेवली. आत्ता सांगायला हवं होतं. की तुला चौथा दिला कारण मला पाचवा दुसऱ्यासाठी हवा होता. की तुझं पोट मला माहीत होतं, आणि तरी मी तुला पाठवलं. "नाजूक, ऐक. तुला चौथा..."

"तेच तर," नाजूक म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि एवढ्या मोठ्या माणसाला ते कुठे लपवावेत ते कळत नव्हतं. "चौथा म्हणजे सगळ्यांत भरवशाचा, असं तुम्ही सांगता. मला जन्मात कुणी भरवशाचा म्हटलं नव्हतं. बायकोला सांगितलं मी. तिने शेजाऱ्यांना सांगितलं. चुकली ती चुकली, पण मुकादमांनी चौथा दिला होता, असं सांगते ती सगळ्यांना."

मुकादमाने समोरच्या खोक्याचं झाकण दाबून बसवलं. ते पुन्हा उघडलं.

"पुढच्या वर्षी द्याल पुन्हा?"

"देईन," मुकादम म्हणाला.

नाजूकने नाक पुसलं, फोर्कलिफ्ट मागे घेतली आणि मागे वळून न बघता हॉर्न वाजवला, धन्यवाद म्हणून. मुकादमाने पट्टी उचलली आणि उघडं राहिलेलं खोकं बंद करायला घेतलं. पट्टी दोनदा वाकडी लागली. तिसऱ्यांदा त्याने ती तशीच राहू दिली.