सगळ्यांनी दाबलेला चिकू

शिवलेल्या कपड्यांना काज-बटणं करणाऱ्या ताईचा अंगठा कपड्यावरून फिरला की कच्चा टाका लगेच कळायचा. पण घरात त्या अंगठ्याला कोण विचारतं? गळ्याच्या ऑपरेशननंतर अप्पांचं बोलणं बंद होतं. ते पाटीवर लिहीत आणि खायचं म्हटलं की तोंड फिरवत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत मऊ काही तोंडाने गेलं नाही, तर नाकातून नळी घालू." अप्पांनी पाटीवर लिहिलं होतं, "चिकू."

सोमवारी दादा पिशवीभर चिकू आणि एक पपई घेऊन आला. ताईने एका चिकूवर नखाने ओरखडा काढला. खाली हिरवंगार.

"अरे, कोवळे तोडलेत हे. साल घासली की भुसा सुटायला हवा, आतून पिवळसर दिसायला हवं. हे नीट पिकतील याची खात्री नाही."

"डब्यात केळ्याबरोबर ठेव गं, पिकतात."

ठेवले. मग दादा येता-जाता डबा उघडून तोच वरचा चिकू दाबायचा. शेजारच्या काकू आल्या, त्यांनीही दाबला. खोटं कशाला बोला, ताईनेही दोनदा दाबला होता.

गुरुवारी तो मऊ लागला. तिने कापून अप्पांना फोड भरवली. अप्पांचा चेहरा आक्रसला, ओठांना चीक चिकटला, फोड वाटीत परत आली. चिकू पिकला नव्हता, अंगठ्यांनी चेचला होता. अप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. ताईला स्वतःचाच इतका राग आला, की तिने सुरी धुवायच्या नादात बोट कापून घेतलं.

बाकीचे चिकू अजून टणकच होते. उरली पपई. तिच्यावर पिवळा पट्टा होता, म्हणजे झाडावर तयार झालेली. चीक निघून जावा म्हणून सोमवारीच ताईने सालीवर उभे चार हलके चरे मारून देठ खाली करून ठेवली होती. तेव्हा पांढरा दाट चीक ओघळला होता, आता चरे कोरडे होते. आणि शुक्रवारी दादाने ती फ्रिजमध्ये टाकली.

"खराब होईल म्हणून," दादा म्हणाला.

"फ्रिजमध्ये ती पिकायची थांबते! आता हात लावशील तर बघ." तिने पपई काढून आपल्या शिलाई मशीनशेजारी ठेवली आणि दिवसभर राखण केली.

शनिवारी सकाळी पपई देठापर्यंत पिवळी, देठाशी जरा मऊ. ताईने साल जाडच काढली, बिया खरवडल्या, आधी स्वतः चाखली. जीभ चुरचुरली नाही. पहिला चमचा अप्पांनी बराच वेळ तोंडात धरला. ताई त्यांच्या गळ्याकडे बघत होती. गिळला. मग दुसरा, मग वाटीच ओढून घेतली.

ताईला हायसं वाटलं, तेवढ्यात अप्पांनी पाटी मागितली. लिहिलं, "चिकू कधी?"

ताई वैतागून काही बोलणार होती, पण पाटीकडे बघत राहिली. ऑपरेशननंतर खाण्याचं 'कधी' अप्पांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.