आईची डावी कूस

आईचा फोन आला तेव्हा काउंटरवर सात-आठ माणसं उभी होती. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका मेडिकलमध्ये मी बरीच वर्षं काम करते. सकाळी दहाच्या सुमाराला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यायला लागतात, तेव्हा घरचा फोन मी सहसा उचलत नाही. त्या सोमवारी उचलला.

"अगं, डाव्या बाजूला पाठीत जळजळतंय," आई म्हणाली. "खांद्याच्या खाली. पुढे छातीपर्यंत येतंय."

"छातीत दुखतंय का? घाम येतोय? दम लागतोय?"

"तसं नाही. कातडीच पोळल्यासारखी झालीय. साडीचा पदर लागला तरी नको वाटतं."

माझ्या एका हातात कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मी म्हणाले, "हंडा उचलला असशील. स्नायू आखडला असेल. बाम लाव आणि पड जरा."

"बरं," ती म्हणाली.

कातडी पोळल्यासारखी, एकाच बाजूला, कपडासुद्धा सोसवत नाही. हे वर्णन मी काउंटरवर किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या चिठ्ठ्यांवर कुठलं औषध असतं, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, मला तोंडपाठ होतं. पन्नाशीनंतर घ्यायची या आजाराची लस असते, हेसुद्धा माहीत होतं. परक्या माणसाने सांगितलं असतं तर मी हातातलं काम बाजूला ठेवलं असतं. आईने सांगितलं, तर मला पाण्याचा हंडा आठवला.

आई कल्याणजवळ मोहन्याला चाळीत एकटी राहायची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना थंडावला, मग वडीलही गेले. पण आईने ती खोली सोडली नाही. तिने उभा जन्म अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढला. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या डाव्या कडेवर वाढली असतील, कारण उजवा हात तिला खिचडी ढवळायला मोकळा लागायचा. लसीच्या दिवशी जी आई पोराला आणायची नाही, तिच्या दारात जाऊन ही उभी राहायची. "काम काय, उद्या पण असेल. पोराला चल घेऊन," असं दटावून, हाताला धरून न्यायची. तीच आई स्वतःचं अंग जळत असताना आठ दिवस घरात बसून राहिली.

गुरुवारी तिच्या पाठीवर आणि बरगडीवर लाल चट्टे उठले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड आले. हे मला नंतर कळलं. शुक्रवारी मी फोन केला तेव्हा ती "बरंय आता" एवढंच म्हणाली. माझ्या मुलीची परीक्षा चालू होती, म्हणून तिने सांगितलं नाही. आणि मीही खोदून विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. ती रडत होती. "ताई, तुम्ही या लगेच. मावशींना नागीण झालीय. दोन दिवस जेवल्या नाहीत. अंगावर ब्लाऊज घालवत नाही. आणि ती पुढे सरकतेय हो, तोंड शेपटीला मिळालं तर माणूस राहत नाही म्हणतात!"

मी दुकानात सांगितलं आणि निघाले.

आई भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर पडली होती. अंगावर वडिलांचा जुना सुती सदरा उलटा घातलेला, पाठ उघडी. मणक्यापासून निघालेला हातभर रुंद... नाही, एवढा नव्हता, चार बोटांचा असेल, पण मला तेव्हा हातभर दिसला, असा फोडांचा पट्टा डाव्या बरगडीवरून वळून छातीखाली गेला होता. काही फोड फुटले होते, काही पिवळसर झाले होते. आणि त्या सगळ्याभोवती गेरूची जाड रेघ ओढलेली होती. काही ठिकाणी गेरू फोडांतच वाळून बसला होता.

"हे कुणी केलं?"

शेजारीण खाली मान घालून म्हणाली, "जवळच्या गावात एक म्हातारे बाबा आहेत, ते उतरवतात. शनिवारी मीच घेऊन आले. मला वाटलं, बरं वाटेल."

मी आईकडे बघितलं. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी शिरले नाहीत. आई दर रविवारी विहारात वंदनेला जायची, आणि कुणी मंत्र-तंत्राचं बोललं की तिथल्या तिथे त्याला गप्प करायची.

"आई, तू? तू बसलीस त्याच्यापुढे?"

तिने मान वळवली नाही. "दुखत होतं गं," ती म्हणाली.

या तीन शब्दांवर मी आजही अडखळते. तिला दुखत होतं तेव्हा मी बाम सांगितला होता. शेजारीण निदान कुणाला तरी घेऊन आली.

कल्याणला त्वचारोगाच्या डॉक्टर होत्या. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला आई माझा दंड घट्ट धरायची, पण आवाज काढायची नाही. डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं, गार पाण्याने भिजवलेल्या कापसाने गेरू हळूहळू सोडवला. बराच वेळ गेला त्यात.

"आजी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आलेल्या. सगळ्या भावंडांना."

"तेच हे. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मणक्याजवळ नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली, की एखादी नस धरून तो बाहेर येतो. म्हणून आधी जळजळ, मग फोड. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टाही एकाच बाजूला. हे बघा, इथे मणक्यापाशी सुरू झाला आणि छातीच्या मधोमध थांबला."

आईने पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे वेढा नाही पडणार?"

"नाही पडणार. आणि त्यामुळे माणूस जात नाही."

आई रडायला लागली. चार-पाच दिवस ती मरणाची वाट बघत एकटी पडून होती, हे मला डॉक्टरांसमोर बसल्यावर कळलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "पुरळ कधी दिसली?"

"गुरुवारी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सहावा दिवस. तुम्ही मेडिकलमध्ये आहात म्हणालात ना?"

मी हो म्हणाले. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "विषाणूला वाढू न देणारं औषध पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांत सुरू झालं, तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग. फोड लवकर सुकतात, दुखणं कमी होतं. अजून नवे फोड येताहेत, त्यामुळे आजही मी ते देणार आहे. पण नसेला किती इजा झालीय, ते आत्ता सांगता येत नाही. वय जास्त, पुरळ जास्त, दुखणंही जास्त. फोड गेल्यावरही यांचं दुखणं मागे राहू शकतं."

"लवकर आणलं असतं तर राहिलं नसतं?"

"खात्रीने नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण संधी जास्त होती."

फोडांमध्ये जंतू शिरले होते, त्याचंही वेगळं औषध दिलं. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशांना, लहान बाळांना, गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका, असं बजावलं. चिठ्ठीवरचं औषध मी वाचायच्या आधीच ओळखलं.

आईला मी कोपरला आमच्या घरी आणलं. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, मागे पांढरट-तपकिरी डाग राहिले. घरातल्या सगळ्यांना वाटलं, सुटलो. दुखणं तेवढं राहिलं. कधी जाळ, कधी सुई खुपसावी तशी कळ. पंख्याचा वारा लागला तरी ती दचकायची. नसेच्या दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी कळ थोडी बोथट झाली. पण चक्कर यायची, झोप दिवसभर डोळ्यांवर. डोस कमी केला की जाळ परत. वेगवेगळ्या गोळ्या, मलम, लावायच्या पट्ट्या, सगळं करून बघितलं. ती विहारात जाईनाशी झाली, कारण पांढरी साडी नेसायची तर ब्लाऊज घालावा लागणार.

माझी मुलगी आजी दिसली की धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारायची. आजी आमच्याकडे राहायला आल्यावर पहिल्यांदा तसं केलं तेव्हा आई इतक्या जोरात ओरडली, की पोरगी दाराशी जाऊन उभी राहिली. आई लगेच म्हणाली, "ये, इकडून ये, उजवीकडून." पण पोरगी घाबरली होती. त्यानंतर ती आजीशी लांबूनच बोलायची. पुस्तक दाखवायचं झालं तरी हात लांब करून. एकदा फक्त भाजी निवडताना आई म्हणाली, "एवढी पोरं कडेवर घेतली मी. घरचीला जवळ घेता येत नाही."

मधे एकदा दुकानात एक बाई आली. पन्नास-पंचावन्नची असेल. "कॅलामाइन द्या, कमरेला काहीतरी चावलंय," म्हणाली. मी विचारलं, एकाच बाजूला का? आग होते का? कधीपासून? फोड कालच आले होते. मी बाटली दिली नाही. म्हणाले, "मी डॉक्टर नाही, पण आत्ताच्या आत्ता दाखवा. उद्या नको." ती रागावली, बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. तरी मी काउंटरमागून बाहेर आले आणि तिला समोरच्या दवाखान्यात पोचवून आले. दुपारी ती चिठ्ठी घेऊन परत आली. तेच औषध. दोनेक महिन्यांनी ती रस्त्यात भेटली, म्हणाली, आता काही त्रास नाही.

मी घरी आईला सांगितलं. सांगताना मला वाटलं, हे आपण का सांगतोय? तिने सगळं ऐकून घेतलं. "चांगलं केलंस," म्हणाली. "तिला पोरंबाळं आहेत का गं?" आणि मग भिंतीकडे वळून पडून राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

नागीण झाल्यानंतर आई सव्वा वर्ष होती. गेली ती हृदयाच्या झटक्याने, सकाळी चहा घेताना. नागिणीने नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पण ते सव्वा वर्ष नागिणीनेच नेलं.

अंघोळ घालायला आम्ही चार बायका होतो. मोहन्याची शेजारीणही आली होती, ती तांब्याने पाणी घालत होती. डाव्या बाजूला आल्यावर तिचा हात थांबला, आणि माझाही. सवयच झाली होती ती. मग मी डागांवर तळवा ठेवला, सबंध. आई दचकली नाही.

मी हात तसाच ठेवला. कुणीतरी म्हणालं, "ताई, आटपा, लोक थांबलेत." शेजारीण त्यांना म्हणाली, "थांबू द्या."