डोंबोसला चुकलेली गाडी

रान्डी बहिणीकडे ओन्दाल्सनेसला निघाली होती. डोंबोस स्टेशनवर गाडी बदलायची होती. दुसरी गाडी समोरच्याच फलाटावर उभी होती. रान्डीने खिडकीजवळची आपली जागा शोधली, बॅग वरच्या फळीवर ठेवली आणि कॉफी प्यायला खाली उतरली.

लग्नाआधी ती याच स्टेशनच्या उपाहारगृहात काम करायची. दार उघडताच गरम वॉफलचा तोच वास आला आणि तिचा पाय तिथेच थबकला.

"रान्डी? अगं, तूच ना?" काउंटरमागून आवाज आला. तिच्याबरोबर काम करणारी ओस्हिल्ड! केस पांढरे झाले होते, हसू तेच होतं.

"तू अजून इथेच? आणि वॉफल अजून करपवतेस?"

"करपवायचीस तू! बोलणी मी खायचे!"

ओस्हिल्डने वॉफलवर तपकिरी चीज ठेवलं. जुन्या गोष्टी निघाल्या. बर्फात अडकलेली गाडी, रात्रभर इथे गाणी म्हणणारे प्रवासी. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.

"ती ट्रॉन्हाइमला जाणारी गाडी," रान्डी म्हणाली. "आमची नंतर सुटते."

"ते तुझ्या वेळी! आता वेळापत्रक बदललंय. पळ!"

रान्डी धावली. दारं बंद झाली होती. गाडी हलली आणि बघता बघता वळणाआड गेली.

"माझी बॅग!" ती ओरडली.

स्टेशनमास्तर जवळ आले. "घाबरू नका. डबा कोणता? जागा कुठली?"

तिने तिकीट दाखवलं. त्यांनी पुढच्या स्टेशनला फोन लावला. तिथे गार्डला निरोप मिळेल, तो बॅग शेवटच्या स्टेशनवर, ओन्दाल्सनेसला, उतरवून देईल, असं त्यांनी सांगितलं.

"आणि माझं तिकीट?"

"आज दिवसभर चालेल. संध्याकाळच्या गाडीने जा. फक्त राखीव जागा गेली, रिकामी दिसेल तिथे बसा."

दुपारी ओन्दाल्सनेसहून फोन आला. बहीण मारित बोलत होती. "बॅग आली, बाई कुठंय?"

"वॉफल खातेय," रान्डी म्हणाली.

"साठीला आलीस, तरी तशीच!"

संध्याकाळपर्यंत रान्डी काउंटरमागे उभी राहिली. ओस्हिल्डने तिला एप्रन दिला होता. गाडीतून उतरणाऱ्यांना तिने कॉफी ओतून दिली. हाताला सगळं आठवत होतं. कप कुठे, साखर कुठे. मधेच ओस्हिल्ड म्हणाली, "तू गेलीस ना, त्या हिवाळ्यात मला इथे करमेना." रान्डीने ओला कप पुसून तिच्या हातात दिला.

संध्याकाळची गाडी लागली. या वेळी ओस्हिल्ड तिला दारापर्यंत घेऊन गेली आणि चढल्याशिवाय हलली नाही. रान्डीला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटली. फलाटावर एप्रन हलवत उभी असलेली ओस्हिल्ड लहान होत गेली, तरी रान्डी काचेला हात टेकवून तिकडेच बघत राहिली.